प्रतीक्षा यादीतला चौक

रस्ते सुरक्षा कार्यक्रमाच्या मूल्यमापनाचे काम माझ्याकडे आले तेव्हा अहवालाचा मसुदा जवळजवळ तयार होता. माझ्याकडून फक्त आकडे तपासून हवे होते. अपघातप्रवण म्हणून ठरवलेल्या 60 ठिकाणी गतिरोधक, रिफ्लेक्टर, नव्याने आखलेले पट्टे आणि काही जागी सिग्नल अशी कामे झाली होती. ज्या वर्षीच्या आकड्यांवरून ही ठिकाणे निवडली, त्या वर्षी तेथे मिळून 612 जखमी-अपघातांची नोंद होती. पुढचे वर्ष कामांत गेले आणि कामे पूर्ण झाल्यानंतरच्या पहिल्या सबंध वर्षात ही संख्या 428 झाली. म्हणजे 184 अपघात कमी, 30 टक्क्यांची घट. मुखपृष्ठासाठी एका चौकाची कामाआधीची आणि कामानंतरची छायाचित्रेही निवडून ठेवली होती.

बेरीज-वजाबाकी बिनचूक होती. माझे लक्ष गेले ते परिशिष्टातल्या एका ओळीकडे. निवडीच्या वर्षात 8 किंवा अधिक जखमी-अपघात झालेली एकूण 96 ठिकाणे पात्र ठरली होती, पण निधी 60 ठिकाणांपुरताच असल्यामुळे अपघातसंख्येच्या उतरत्या क्रमाने वरची 60 घेतली गेली आणि उरलेली 36 प्रतीक्षा यादीत राहिली. या 36 ठिकाणी कोणतेही काम झाले नव्हते. तरीही त्यांची नंतरची आकडेवारी कोणी मागवलीच नव्हती, कारण जेथे काही केले नाही तेथे मोजायचे काय, असा सगळ्यांचा साधा हिशेब होता.

पोलिसांच्या अपघात नोंदींतून ती काढायला मला दोन दिवस लागले. प्रतीक्षा यादीतल्या 36 ठिकाणी निवडीच्या वर्षी 324 अपघात झाले होते. नंतरच्या वर्षी 250. काहीही न करता जवळजवळ 23 टक्क्यांची घट! आकडे चुकीच्या रकान्यातून उचलले गेले असावेत, असे वाटून मी ते पुन्हा काढले. उत्तर तेच आले.

कागदावरचा हा प्रकार डोळ्यांनी पाहावा म्हणून यादीतल्या एका चौकात गेले. निवडीच्या वर्षी तेथे 9 अपघात झाले होते आणि नंतरच्या वर्षी 4. पट्टे इतके पुसट झालेले होते की ते कधी तरी पांढरे होते हे फक्त कडेला दिसत होते. वळणावरचा खांब तिरका झालेला होता आणि त्यावर रिफ्लेक्टर नव्हता. उतारावरून येणारी वाहने वेग न आवरताच आत शिरत होती. तासभर उभी राहिले, पण 9 चे 4 होण्यासारखे तेथे काहीही सापडले नाही. या चौकात सिग्नल बसवला असता, तर मुखपृष्ठावर नक्कीच याचे छायाचित्र आले असते.

खुलासा निवडीच्या पद्धतीतच होता. कोणत्याही चौकातील एका वर्षाची अपघातसंख्या दोन गोष्टींनी बनते. एक म्हणजे त्या जागेचा कायमचा धोका, आणि दुसरी त्या वर्षीचा योगायोग: एखादी पावसाळी रात्र, एकाच आठवड्यात घडलेले दोन अपघात. सर्वांत जास्त अपघातांची ठिकाणे निवडायची असे म्हटले की खरोखर धोकादायक जागांबरोबर त्या वर्षी दैव प्रतिकूल असलेल्या जागाही यादीत येतात. पुढे तेच दैव पुन्हा प्रतिकूल राहण्याचे काही कारण नसते, म्हणून काहीही न करता संख्या खाली येते. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. आधी-नंतरच्या तुलनेत हे परतणे सगळेच्या सगळे कार्यक्रमाच्या नावावर जमा होते.

मग प्रतीक्षा यादीला तुलना गट मानून हिशेब केला. काम झालेल्या ठिकाणी कामाविना किती अपघात झाले असते, हे प्रत्यक्ष पाहता येत नाही. त्याचा अंदाजच करावा लागतो. प्रतीक्षा यादीतील संख्या 324 वरून 250 वर आली. त्याच प्रमाणात 612 कमी झाले असते तर साधारण 472 उरले असते. प्रत्यक्षात 428 झाले. म्हणजे कार्यक्रमाच्या खात्यावर 184 नव्हे, तर 44 अपघात. शिवाय एवढ्या संख्यांमधल्या नेहमीच्या चढउताराचा विचार करता खरा परिणाम 26 टक्के घट ते 11 टक्के वाढ यांत कुठेही असू शकत होता.

येथे थांबले असते तर मीही एक चूक केली असती. दोन्ही गट पूर्णपणे सारखे नव्हते. वरच्या 60 ठिकाणांची निवडीच्या वर्षातील सरासरी 10.2 होती आणि खालच्या 36 ची 9.0. जी जागा यादीत जितकी वर, तिच्या वाट्याला त्या वर्षीचे दुर्दैव साधारणपणे तितके जास्त आलेले असणार, आणि म्हणून ती परतणारही जास्त. 44 हा आकडासुद्धा त्यामुळे कार्यक्रमाला झुकते माप देत होता. यावर उपाय एकच होता: निवडीसाठी वापरलेले वर्ष आधारवर्ष म्हणून सोडून द्यायचे आणि त्यापूर्वीची तीन वर्षे पाहायची, कारण त्या वर्षांच्या आकड्यांवरून कोणालाही निवडलेले नव्हते. त्या तीन वर्षांत काम झालेल्या ठिकाणांची सरासरी दरवर्षी 7.5 च्या आसपास होती आणि प्रतीक्षा यादीची 7.0 च्या आसपास. दोन्ही रेषा जवळजवळ आडव्या आणि समांतर होत्या, निवडीच्या वर्षी दोन्हींचा सुळका वर गेला होता, आणि नंतर त्या 7.1 व 6.9 वर आल्या होत्या. एका बाजूची घट 0.4, दुसरीची 0.1. फरक दर ठिकाणी 0.3, म्हणजे 60 ठिकाणी मिळून वर्षाला 18 अपघात. आणि या 18 भोवतीची अनिश्चितताही शून्याला कवेत घेणारीच होती.

बैठकीत हे मांडले तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, “मॅडम, ती 36 ठिकाणे वेगळी असतील. तिकडची वाहतूक कमी झाली असेल. त्यांच्यावरून आमच्या कामाला नाव का ठेवता?” आक्षेप चुकीचा नव्हता, तुलना गटावर घ्यायचा योग्य आक्षेप हाच असतो. समांतर रेषा दाखवूनही तो पूर्णपणे मिटत नाही. म्हणून मी त्यांच्यापुढे दुसरा तक्ता ठेवला, ज्यात प्रतीक्षा यादीचा संबंधच नव्हता. अपघात नोंदींत असलेल्या सुमारे 400 ठिकाणांमधून, कार्यक्रमाचा विचारही नव्हता अशा जुन्या वर्षी त्यांचाच नियम लावून वरची 60 ठिकाणे निवडली आणि मधले एक वर्ष तसेच सोडून त्यापुढच्या वर्षाचे आकडे घेतले. 598 वरून 455. न झालेल्या कार्यक्रमाने 24 टक्के घट साधली होती. सर काही वेळ त्या तक्त्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी विचारले, “हे कोणत्या कामांचे आहे?” “कोणत्याही नाही, सर,” मी म्हणाले.

या क्षेत्रात ही गोष्ट नवी मुळीच नाही. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात 1955 मध्ये रस्ते अपघातांत 324 मृत्यू झाल्यावर गव्हर्नर अब्राहम रिबिकॉफ यांनी वेगमर्यादा मोडणाऱ्यांवर कठोर कारवाई सुरू केली. 1956 मध्ये मृत्यू 284 झाले आणि यशाचे श्रेय त्या कारवाईला दिले गेले. डोनाल्ड कॅम्पबेल आणि लॉरेन्स रॉस यांनी 1968 मध्ये आधीची अनेक वर्षे आणि शेजारची राज्ये सोबत मांडून दाखवले की 1955 हेच असाधारण वाईट वर्ष होते आणि कारवाई सुरू झाली ती त्यामुळेच. कारवाईचा काहीच परिणाम झाला नाही, असे त्यांनी म्हटले नव्हते. मलाही तसे म्हणायचे नव्हते, पण बैठकीत हा फरक समजावणे सगळ्यांत अवघड गेले. “परिणाम सिद्ध झालेला नाही” हे वाक्य समोरच्यांना “परिणाम नाही” असेच ऐकू जाते.

एका तरुण अभियंत्याने विचारलेला प्रश्न मात्र आकड्यांच्या पलीकडचा होता. गतिरोधक टाळण्यासाठी वाहने शेजारच्या रस्त्याने जाऊ लागली असतील तर? तसे असेल तर काम झालेल्या जागी अपघात कमी दिसतील, पण ते फक्त सरकलेले असतील. आणि तो शेजारचा रस्ता प्रतीक्षा यादीतल्या चौकात उतरत असेल तर तुलना गटच बिघडेल. नकाशावर पाहिले तेव्हा 36 पैकी 5 ठिकाणे काम झालेल्या जागांना लागून होती. ती वगळून हिशेब पुन्हा केला. निष्कर्ष बदलला नाही, पण ते तपासल्याशिवाय मी तसे म्हणू शकले नसते.

अहवालातून 30 टक्क्यांचे वाक्य निघाले. त्या जागी 18 चा आकडा त्याच्या अनिश्चिततेसह गेला आणि मुखपृष्ठ छायाचित्राविना छापले गेले. त्याबद्दलची नाराजी मला काही महिने जाणवत होती.

त्यानंतर 18 ठिकाणांपुरता नवा निधी आला. मी सुचवले की प्रतीक्षा यादीतल्या 36 ठिकाणांच्या, आधीच्या वर्षांची सरासरी आणि रस्त्याचा प्रकार पाहून, 18 जोड्या लावाव्यात आणि प्रत्येक जोडीत काम कोठे करायचे हे चिठ्ठी टाकून ठरवावे. धोकादायक जागा चिठ्ठीवर सोडायच्या का, असा आक्षेप आला आणि त्यावर बराच वेळ चर्चा झाली. पण निधी 18 ठिकाणांचाच होता, म्हणजे 18 ठिकाणे कोणत्याही पद्धतीने मागे राहणारच होती. आणि एका वर्षाच्या आकड्यांवरून लावलेल्या क्रमात खरा धोका किती आणि योगायोग किती, हे आम्ही नुकतेच पाहिले होते. शेवटी विभागप्रमुखांनीच मान्यता दिली आणि चिठ्ठ्या स्वतः उचलल्या.

तो पुसट पट्ट्यांचा चौक सातव्या जोडीत होता. काम त्याच्या जोडीदाराला मिळाले. पट्टे रंगवणे हा नेहमीच्या देखभालीचा भाग असल्यामुळे ते तेवढे करून द्यावे, अशी विनंती मी केली आणि त्याच बेताने सगळ्या 36 ठिकाणी ते करावेत, असेही लिहिले. नाही तर सातव्या जोडीची तुलना तेथेच बिघडली असती.