‘औदुंबर’चे रसग्रहण पस्तीस मिनिटांत: माझा अनुभव

पुण्यात एम.ए. मराठीची तयारी करताना रसग्रहणाच्या प्रश्नात माझे गुण बराच काळ एकाच जागी अडकले होते. उत्तरात वृत्त असायचे, अलंकार असायचे, भावही असायचा, पण प्रत्येकाचा परिच्छेद वेगळा आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. तपासून आलेल्या सराव पेपरवर मात्रांच्या हिशेबाशेजारी लाल शाईत दोनच शब्द होते: ‘मग काय?’ त्या प्रश्नाचे उत्तर मला ज्या कवितेने मिळाले, तिच्यावरच माझी रीत सांगते. कविता आहे बालकवींची ‘औदुंबर’. आठच ओळी आहेत.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

पस्तीस मिनिटांपैकी पहिली दहा मी लिहीत नाही, फक्त कच्च्या पानावर खुणा करते. पहिल्या वाचनात क्रियापदांखाली रेघ ओढते: वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी, बसला. अलंकार आधी शोधायची सवय मी मोडली, कारण अलंकाराचे नाव सापडले की कवितेकडे पाहणे थांबते. क्रियापदे मात्र सरळ कवितेच्या हालचालीपर्यंत नेतात. इथे झरा वाहतो, वाट चालते आणि शेवटी कोणीतरी बसलेले आहे. कविता वाहण्यापासून बसण्याकडे येते. हे एक वाक्य मिळाले की उत्तराला कणा मिळाला.

दुसऱ्या वाचनात रंग. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. नुसते ‘रंगप्रतिमांचा सुंदर वापर’ लिहिले तर ते कुठल्याही निसर्गकवितेला चालेल. म्हणून रंगांचा क्रम पाहायचा. हिरवा तीनदा येतो, पण सहाव्या ओळीनंतर तो पुन्हा दिसत नाही आणि काळा आला की तोच उरतो. पांढरा एकदाच येतो, पायवाटेला. तीच वाट आपल्याला हिरव्यातून काळ्याकडे नेते.

तिसऱ्या वाचनात मात्रा. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन. इथे हमखास चुकते ते जोडाक्षर. आधीच्या ऱ्हस्वावर आघात असेल तरच त्याच्या दोन मात्रा धरायच्या. ‘गर्दी’तल्या ‘ग’च्या दोन होतात, पण ‘मळ्यांची’तल्या ‘म’ची आणि ‘हिरव्या’तल्या ‘र’ची एकच. असे मोजले की प्रत्येक ओळ सोळा अधिक अकरा, म्हणजे सत्तावीस मात्रांची निघते. दुसऱ्या, सातव्या आणि आठव्या ओळीत एक मात्रा कमी पडलेली दिसते, कारण तिथे शेवटचे अक्षर लघू आहे. म्हणताना ते लांबवले जाते, तेव्हा ते गुरू धरायचे. जातीचे नाव नक्की आठवत नसेल तर लिहू नये. चुकीच्या नावापेक्षा ‘सोळाव्या मात्रेवर यती असलेली सत्तावीस मात्रांची रचना’ हे बरोबर वर्णन केव्हाही भरवशाचे.

पण इथवर आल्यावर ‘मग काय?’ उरतेच. त्यासाठी मी पहिल्या आठ मात्रांवर उभी रेघ मारून पाहते. ‘ऐल तटावर’, ‘निळासावळा’, ‘चार घरांचे’, ‘शेतमळ्यांची’: चारही ठिकाणी रेघ शब्दाच्या शेवटी पडते. पाचव्या ओळीत मात्र ती ‘पांढरी’ शब्दाच्या पोटातून जाते, ‘पायवाट पां’ इथे आठ मात्रा भरतात. सहाव्या ओळीत ती ‘कुरणां’ आणि ‘मधुनि’ यांच्यामध्ये पडते. सातव्या-आठव्या ओळीत पुन्हा सगळे सरळ. म्हणजे ठेका शब्दांवर आडवा येतो तो याच दोन ओळींत, आणि दोन्ही ओळी ‘अडवीतिडवी’ पायवाटेच्या आहेत. कवीने हे मुद्दाम केले असे छातीठोकपणे लिहू नये, ते सिद्ध करता येत नाही. ‘वाटेची वळणे लयीतही जाणवतात’ एवढे पुरते, आणि ते उतारा दाखवून सिद्ध करता येते.

यमकांकडेही मी आता असेच पाहते. दोन-दोन ओळींची यमके आहेत, हे कोणीही लिहितो. पण मधल्या चार ओळींचे शेवट, ‘कडे, पुढे, पडे, कडे’, एकाच आवाजाचे आहेत. त्यामुळे कविता दोन, चार, दोन अशी गटांत पडते. पहिल्या दोन ओळींत पाणी आहे, शेवटच्या दोन ओळींत पाणी आहे आणि मधल्या चारांत जमीन: गाव, शेते, वाट, कुरणे. रचनेचा आकार आणि चित्राचा आकार इथे एकमेकांवर बरोबर बसतात. हे सापडले तेव्हा मला फार आनंद झाला होता, आणि आजही ही कविता शिकवताना मी फळ्यावर आधी हेच काढते.

सर्वांत जास्त चुका होतात त्या भाववृत्तीत, म्हणजे कवितेच्या सुरात. एक चूक चरित्राची. बालकवी १९१८ मध्ये रेल्वेच्या अपघातात गेले हे सगळ्यांना माहीत असते, मग काळा डोह म्हणजे मृत्यूची चाहूल ठरतो. दुसरी चूक श्रद्धेची. औदुंबर म्हटले की आपल्याला दत्त आठवतो आणि उत्तर भक्तीकडे वळते, पण या आठ ओळींत पादुका नाहीत, पार नाही, हात जोडणारा कोणी नाही. सूर शब्दांतूनच ठरवायचा, आणि तो ठरवणारे दोन शब्द शेजारी-शेजारी उभे आहेत: ‘गोड काळिमा’. नुसता काळिमा असता तर ‘उदास’ म्हणता आले असते. ‘गोड’मुळे ते जमत नाही आणि ‘प्रसन्न’ही म्हणता येत नाही. शिवाय कवितेत ‘मी’ नाही, उद्गार नाही, प्रश्न नाही. घरे, मळे, वाट या माणसाच्या खुणा आहेत, पण माणूस नाही. पाण्यात पाय सोडून बसण्याची त्याची सवय शेवटी झाडाने घेतली आहे. इथे चेतनगुणोक्तीचे नाव घ्यायला हरकत नाही, आता ते नाव काहीतरी सांगते.

उरलेल्या वेळात वीस मिनिटे लिहिते आणि पाच वाचते. चार परिच्छेद पुरतात, आणि प्रत्येकात कवितेतले दोन-चार शब्द अवतरणात घेते, अख्खी कडवी उतरवत नाही. शेवटचा परिच्छेद साधारण असा होतो:

“वाहता झरा आणि चालती पायवाट या दोन्ही गती ‘बसला’ या क्रियापदापाशी थांबतात. ‘झाकळुनी’, ‘जळ’, ‘काळिमा’ यांतल्या ‘ळ’च्या आवृत्तीने ओळ संथ होते. काळोख येतो, पण ‘गोड’ असल्यामुळे तो भीती घालत नाही. सूर गंभीर आहे, तरी शोकाचा नाही.”

शेवटच्या पाच मिनिटांत मी ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘मनाला भिडणारे’ असे शब्द शोधते. ज्या वाक्यात असा शब्द आहे पण कवितेतला एकही शब्द नाही, ते वाक्य खोडते आणि तिथे ओळीचा क्रमांक घालून काय दिसले ते लिहिते.