काटा तळाला, फॅन जोरात

माझ्या गाडीची ही गोष्ट ऐकली की पहिला प्रश्न येतो: "इंजिन तापलंच नव्हतं, तर तुम्ही इंजिनाचं हेड उतरवू कसं दिलंत? आधी सेन्सर नाही का बदलायचा?"

कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर बदलला होता. नवा बसवल्यावर दोन दिवस गाडी नीट चालली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच: चालता चालता तापमानाचा काटा मध्यावरून धप्पकन तळाला, आणि त्याच क्षणी रेडिएटरचा फॅन पूर्ण वेगाने सुरू. नव्या सेन्सरनेही फरक पडला नाही म्हटल्यावर त्या बाजूला बघायचंच मी सोडून दिलं.

मग गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. P0118 हा कोड आला आणि त्याच्या वर्णनात 'हाय' हा शब्द होता. मेकॅनिक म्हणाले, "टेम्परेचर हाय दाखवतंय. फॅन उगाच चालत नाही. हेड गॅस्केट गेलंय." मला ते पटलं. आज कुणी म्हटलं की त्यांनी फसवलं, तर मी ते मान्य करणार नाही. ते 'हाय' आम्ही दोघांनीही चुकीचं वाचलं.

ते 'हाय' तापमानाचं नसतं, व्होल्टेजचं असतं. कंट्रोल युनिट सेन्सरच्या वायरीवर एका रेझिस्टरमधून 5 व्होल्ट देतं. सेन्सर गार असताना त्याचा रोध जास्त असतो. बऱ्याच गाड्यांत 20 अंशांना तो साधारण 2500 ओहम भरतो आणि 80 अंशांना 300च्या आसपास येतो. रोध उतरला की वायरीवरचं व्होल्टेजही उतरतं. वायरच तुटली तर व्होल्टेज वर 5लाच राहतं, आणि कंट्रोल युनिटच्या हिशेबात त्याचा अर्थ होतो उणे 40 अंश. म्हणून काटा तळाला जातो. पण इतकं व्होल्टेज म्हणजे सर्किटच तुटलंय हेही त्याला कळतं. मग इंजिन खरंच तापत असेल तर जळू नये म्हणून ते फॅन लावून ठेवतं. काटा गार सांगतो आणि फॅन गरम, या विसंगतीतच सगळं उत्तर होतं.

हेड उतरलं तेव्हा मी तिथेच उभा होतो. गॅस्केट अखंड. मेकॅनिकनी हेडवर पट्टी आडवी-तिरपी ठेवून खाली फिलर गेज घालून पाहिला, कुठेही वाक नाही. तेलात पाण्याचा थेंब नाही. प्लग मात्र काजळीने काळे पडले होते, कारण इंजिन गार आहे असं समजून पेट्रोल जास्त सोडलं जात होतं. तो पुरावा समोर ठेवलेला असूनही आमच्यापैकी कुणी त्यावर बोललं नाही. नवं गॅस्केट घालून सगळं पुन्हा बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नुसती चावी फिरवली, इंजिन सुरूही केलं नव्हतं, आणि फॅन घोंघावायला लागला. बॉनेट उघडून वरच्या होजला हात लावला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा तो होज थंडगार होता. असा सकाळचा फॅन मी त्याआधीही दोनदा ऐकला होता आणि 'तापत असेल' म्हणून सोडून दिला होता. रात्रभर बंद असलेलं इंजिन कशाने तापणार, हा प्रश्न तेव्हा का पडला नाही याचं उत्तर माझ्याकडे नाही.

त्याच सकाळी स्कॅनर लावून सेन्सरचा कनेक्टर काढला. आकडा उणे 40. माझा सेन्सर दोन पिनांचा, म्हणून कनेक्टरमधल्या दोन टोकांना तारेच्या तुकड्याने जोडलं. वायरिंग ठीक असेल तर आकडा उडी मारून शंभराच्या बराच वर जायला हवा. तो उणे 40वरून हललाच नाही. म्हणजे दोष वायरिंगमध्ये; सेन्सर बहुधा निर्दोष, नवाही आणि जुनाही. मग वायर चिमटीत धरून इंचाइंचाने वाकवत गेलो. कनेक्टरपासून चार बोटांवर आकडा एकदम 130च्या वर गेला, सोडताच पुन्हा उणे 40. वरचं आवरण जसंच्या तसं होतं. सोलल्यावर आत हिरवट पडलेली, तुटलेली तांब्याची तार. तेवढा तुकडा कापून नवा सोल्डर केला.

काही गाड्यांत दोष आल्यावर स्कॅनर खरा आकडा न दाखवता ठरवून दिलेला आकडा दाखवतो. तिथे ही परीक्षा इतकी सरळ लागत नाही.

तरी मेकॅनिकची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. कूलंट कमी झालं आणि सेन्सर पाण्याबाहेर राहिला, तर इंजिन खरंच तापत असतानाही काटा पडू शकतो. पण त्यासाठी इंजिन गार असताना पातळी बघायची होती आणि गरम असताना थर्मोस्टॅटच्या घरावर तापमानाची गन धरायची होती. दोन्हींना मिळून दहा मिनिटं लागली असती. त्यांनी केलं नाही, मीही म्हटलं नाही.

वायर जोडल्यापासून काटा एकदाच पडला. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि ते निवेपर्यंत थांबलो. कूलंटच्या टाकीतली पातळी बरोबर होती. घरी म्हणाले, वायर तर जोडली आहेस ना, मग कशाला थांबलास?