पानं किती?

सोमवार, रात्री

आज आत्याने ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. येत्या रविवारी साताऱ्याला तिच्या घरी श्रावणातला सत्यनारायण आहे, सर्वांनी सहकुटुंब यावे, आणि आचाऱ्याला पानांचा आकडा द्यायचा असल्याने कितीजण येणार ते कळवावे. आत्या एकोणऐंशी वर्षांची आहे. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत टाइप करते. एवढ्या मजकुराला तिला अर्धा तास तरी लागला असेल.

मी मीटिंगमध्ये होते. मेसेजवर बोट दाबून धरलं, वर आलेल्या पट्टीतला 👍 निवडला आणि फोन पालथा घातला. झालं आपलं काम.

नऊच्या सुमाराला तिचा फोन. "अगं, तुझं काहीच उत्तर नाही?"

"दिलं की आत्या. तुझ्या मेसेजच्या खाली कोपऱ्यात बघ."

बराच वेळ शांतता. मग, "हा होय! मला वाटलं काचेवर डाग पडलाय, दोनदा पदराने पुसला. आणि ठेंगा कशाला दाखवतेस गं?"

ती हसत म्हणाली, पण मला लागायचं ते लागलं. आमच्या घरात ठेंगा दाखवणे म्हणजे काय ते तिनेच आम्हाला लहानपणी शिकवलंय. माझ्या लेखी तो अंगठा "वाचलं, येते" असा होता. तिला तो दिसलाच नाही, आणि दिसला तेव्हा भलताच दिसला. मेसेजला चिकटवलेली ही प्रतिक्रिया तांदळाच्या दाण्याएवढी असते, ग्रुपमध्ये ती नव्या ओळीवर येत नाही, आणि सूचना गेलीच तर ज्याचा मेसेज त्याला एकट्याला जाते. आत्या सूचना वाचत नाही. ती व्हॉट्सॲप उघडून वरून खाली पोथी वाचावी तसं वाचते.

लेक शेजारीच अभ्यास करत होती. सोळा वर्षांची. मान वर न करता म्हणाली, "मलापण तू अंगठा पाठवतेस ना, तेव्हा मला वाटतं तू चिडलीयेस." घ्या! एकोणऐंशी आणि सोळा, दोघींना एकच चित्र खुपतं आणि कारणं मात्र दोन टोकांची. एकीला ते अपुरं वाटतं, दुसरीला तुटक.

मंगळवार

आकड्याची जबाबदारी आत्याने माझ्यावर टाकली. "तुमची ती चित्रं तूच वाच, मला झेपत नाही."

ग्रुपवर माणसं अडतीस, पण घरं चौदा, आत्याचं सोडून. संध्याकाळपर्यंत चौदाही घरांतून काही ना काही आलं होतं, म्हणून मला वाटलं पाच मिनिटांचं काम. कागद घेऊन बसले. पाच घरांनी शब्दांत लिहिलं होतं, "आम्ही चौघं येतो" अशा थाटात. त्यांची बेरीज एकोणीस. चार घरांकडून नुसते 🙏. तीन घरांकडून 👍, आणि माझा धरला तर तोही त्यातच. दोन घरांकडून स्टिकर, एक चकाकत्या फुलांतला गणपती आणि एक नाचणारा मोदक.

आता 🙏 म्हणजे काय? येतो? देवाला नमस्कार? निमंत्रणाबद्दल आभार? की माफ करा, जमणार नाही? आपण समोरासमोर हात जोडतो तेव्हा मान, डोळे आणि पाऊल कुठल्या दिशेला वळलंय यावरून कळतं. दारात आलेल्याला जोडलेले हात आणि वर्गणी मागायला आलेल्याला जोडलेले हात वेगळे असतात. स्क्रीनवर दोन्ही सारखेच.

शिवाय मागे जाऊन शोधायचं म्हटलं तर स्टिकरमध्ये शोधायला शब्दच नसतो. "येतो" असं टाकलं की शब्दांत लिहिणारे सापडतात, मोदक सापडत नाही.

बुधवार

आठ घरांना फोन केले. (नववं माझंच. आम्ही दोघी जाणार, ह्यांना सुट्टी नाही.)

🙏 वाल्या चार घरांपैकी दोन येणार होती, मिळून सात माणसं. तिसऱ्या घरातली वहिनी म्हणाली, "अहो, मी नाही म्हटलं होतं की! हात जोडले ना?" तिची परीक्षा आहे, बीएडची. चौथे दादा म्हणाले, "मी सकाळी उठल्यावर सगळ्याच ग्रुपांवर नमस्कार करतो. काय लिहिलं होतं ते वाचायचं राहिलंय."

अंगठेवाल्यांत माझे आम्ही दोन, एका घरातून पाच, आणि तिसऱ्याचा अर्थ निव्वळ "वाचलं" असा निघाला. चकाकता गणपती येणार नव्हता. नाचणारा मोदक चौघं येणार होता, पण तो पाठवला होता आठ वर्षांच्या भाच्याने आईच्या फोनवरून, आणि आईला पूजेचा पत्ताच नव्हता.

म्हणजे एकोणीस आणि सात सव्वीस, त्यात हे सात मिळून तेहतीस, मोदकाचे चार सदतीस, आत्याच्या घरचे सहा. त्रेचाळीस. सगळे हात, अंगठे आणि स्टिकर होकार समजून घरामागे चार धरले असते तर एकसष्ट झाले असते. अठरा पानांचा शिरा, मसालेभात नि अळूची भाजी आत्या सोमवारी कुणाला वाढणार होती?

तेव्हापासून माझ्यापुरतं ठरवलंय. मोठ्यांना उत्तर देताना आधी शब्द, त्यातही नात्याचा शब्द. "हो आत्या, आम्ही दोघी शनिवारी रात्रीच येतो 🙏" असं. चित्र शेवटी आणि एकच. चित्राला "आत्या" म्हणता येत नाही, खरी अडचण तीच आहे. आकडा, वेळ, होकार-नकार, औषधाचं नाव यातलं काहीही चित्रावर सोपवायचं नाही. प्रतिक्रिया चिकटवायची ती फक्त ज्याला उत्तराची गरज नाही अशा मेसेजला, म्हणजे सकाळच्या सुविचाराला वगैरे. तिथे ती वरदानच आहे, नाहीतर अडतीस "सुप्रभात"ना अडतीस "सुप्रभात".

मात्र मोठी माणसं स्वतः पाठवतात तेव्हा त्यांचं गणित उलटं असतं. माझ्या वाढदिवसाला आत्याने सात 💐 पाठवले होते. लेक हसली, पण आत्याच्या हिशेबात संख्या म्हणजे मान. एक फूल देऊन कुणी ओवाळतं का? त्याला उत्तर म्हणून सात परत पाठवायची गरज नसते. मी दोन ओळी जास्त लिहिते.

गुरुवार

थोरल्या काकांशी बोलले. डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे त्यांना आता स्क्रीन नीट दिसत नाही, फोन त्यांना मेसेज वाचून दाखवतो. त्यांनी ऐकवलंच. कुणीतरी लिहिलं होतं, "काका 🌹 तब्येत 😊 कशी 🙏 आहे 💐". फोनने प्रत्येक चित्राचं नाव मधे मधे उच्चारलं. वाक्य संपेपर्यंत काका काय विचारलंय तेच विसरले. "वाक्याच्या शेवटी काय ती फुलं वाहा," म्हणाले, "मधे वाहू नका." आणि स्टिकर आलं की फोन त्यांना "स्टिकर" एवढंच सांगतो. पाकीट आलंय पण आत काय ते नाही.

ज्यांना दिसतं त्यांचंही फार बरं नसतं. चित्र एकटं पाठवलं तर मोठं दिसतं, मजकुरात घातलं की अक्षराएवढं होतं. त्या आकाराला 😂, 😢 आणि 😪 म्हणजे पिवळा गोळा आणि निळा थेंब. दोन्ही डोळ्यांशी थेंब असेल तर हसू, एका गालावर असेल तर रडू. 😪 मधला थेंब तर अश्रूच नाही. तो नाकातून आलेला फुगा आहे, जपानी चित्रकथांत झोप दाखवायची ती खूण. इमोजी मुळात जपानमधूनच आले. मागे एका काकांना आयसीयूत नेल्याची बातमी आली, तेव्हा तिघांनी त्याखाली झोपाळू चेहरे टाकले होते आणि एका मामांनी चक्क हसणारा. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. अशा बातमीखाली मी आता एकही चित्र टाकत नाही.

उलट बाजू लेकीची. दिवाळीत चुलतभावाच्या विनोदाखाली तिने 😭😭😭 टाकले आणि दोन मिनिटांत आत्याचा फोन, "पोरीला काय झालं?" त्यांच्यात म्हणे हसून हसून रडू आलं की ते टाकतात, आणि फारच हसू आलं तर 💀. कवटी! मी तिला एवढंच सांगितलं की भावंडांच्या ग्रुपवर हवी तेवढी मढी टाक, आत्या असेल तिथे "हाहाहा" लिही.

आमच्या भावंडांच्या ग्रुपवर काही नियम नाही. तिथे एक 😂 म्हणजे विनोद पडला, चार म्हणजे बरा होता, आणि नुसतं "ओके." आलं, तेही पूर्णविरामासकट, तर कुणीतरी रुसलंय. तिथे दादाचं लग्नात जांभई देतानाचं स्टिकर सहा वर्षं फिरतंय. फिरू दे. पण ते एकदा मोठ्या ग्रुपवर गेलं होतं. दादाने पुसायला लावलं तोवर दोघांनी आवडत्यांत साठवून ठेवलं होतं, आणि मूळ मेसेज पुसून त्यांच्या फोनातलं जात नाही. दादाच्या सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी तेच त्याला "शुभ रात्री" म्हणून पाठवलं.

शुक्रवार

मोदकवाल्या भाच्याने आज आईच्या फोनवरून ओळीने सत्तावीस स्टिकर पाठवले. त्याला काही सांगायचं नसतं, डबा उपडा करून खेळणी दाखवावीत तसं असतं ते. आधी मी एकाला एक देत बसायचे, त्याने तो आणखी चेकाळायचा. आज म्हटलं, "तीन स्टिकर झाले की एक शब्द लिहायचा." थोड्या वेळाने तीन वाघ आले आणि खाली "आजि मोदक". वेलांटी चुकली, पण आत्याने ते वाचलं आणि तळणीचे मोदकही करायचे ठरवलं.

लेकीला मी काही पाठवत नाही, म्हणजे चित्र. माझं 🙂 तिला टोमणा वाटतं. "क्लासहून निघालीस का?" एवढंच. तिचं उत्तर, "हं." आमचं बरं चाललंय.

शनिवार, दुपारी, निघण्याआधी

दोन पानं हातची धरून आचाऱ्याला स्वच्छ शब्दांत लिहिलं: "रविवारी पंचेचाळीस पानं. अकराला आरती, साडेबाराला पंगत. त्यातली तीन बिनतिखट."

लगेच उत्तर आलं: 🙏

मी फोन लावला.