तेहतीस रकान्यांचा तक्ता एकाच चित्रात

पंचवटीत राहून मी दिंडोरी तालुक्यातील द्राक्ष बागायतदारांच्या एका गटाचा हिशेब सांभाळतो. मार्चअखेरीस प्रत्येक बागायतदाराच्या रोजच्या क्रेटचा तक्ता गटाला पाठवायचा होता. संकेतस्थळावरील त्या तक्त्यात ४२ ओळी आणि नाव, ३१ तारखा व एकूण असे ३३ रकाने होते. माझ्या लॅपटॉपचा पडदा १३६६ पिक्सेल रुंद आणि तक्ता सुमारे २४३० पिक्सेल रुंद, त्यामुळे सतराव्या तारखेनंतरचे सगळे आडव्या सरकपट्टीमागे दडलेले असे. दोन तुकडे टिपून जोडले, तर दुसऱ्या तुकड्यात नावांचा रकाना राहत नाही आणि कोणाचे क्रेट कोणाच्या नावावर आहेत हे कळत नाही.

प्रथम मी खिडकी पूर्ण मोठी करून Ctrl आणि वजा चिन्ह दाबत पान ५० टक्क्यांवर आणले. तेव्हा त्याच पडद्यावर पानाला २७३२ पिक्सेलची जागा मिळाली, सरकपट्टी नाहीशी झाली आणि पूर्ण तक्ता दिसला. मात्र टिपलेले चित्र १३६६ पिक्सेलचेच राहिले. प्रत्येक तारखेच्या वाट्याला जेमतेम ३५ पिक्सेल आल्याने मोबाइलवर चित्र ताणताच ३ आणि ८ यांतला फरक दिसेना. क्रेटच्या हिशेबात ही चूक मला मुळीच परवडणारी नव्हती.

मग मी Ctrl+P दाबून क्रोमचे छपाईपूर्व दृश्य उघडले. ए४ आडव्या कागदावर तक्ता उजवीकडे कापला जात होता, कारण कागदावर सरकपट्टी चालत नाही. जे मावत नाही ते सरळ गळते. Layout मध्ये Landscape, Paper size मध्ये A3 आणि Scale मध्ये Custom निवडून ६० लिहिल्यावर शेवटचा ‘एकूण’ रकाना कागदावर आला व सर्व ओळीही एकाच पानात बसल्या. परत आलेल्या मालाच्या पिवळ्या चौकटी तरीही पांढऱ्याच दिसत होत्या; त्या Background graphics वर खूण केल्यावर परतल्या. Save as PDF ने जतन केलेल्या पानातली अक्षरे चित्र नसून मजकूरच असतात, म्हणून ती कितीही मोठी केली तरी स्पष्ट राहतात. त्या पानाचे चित्र मी टर्मिनलमध्ये Poppler या साधनसंचातील या आज्ञेने केले:

```
pdftoppm -r 200 -png march.pdf march
```

हे चित्र सुमारे ३३०० पिक्सेल रुंद निघाले, म्हणजे पहिल्या चित्राच्या अडीच पटींहून थोडे कमी.

काही पानांवर तक्त्याच्या चौकटीची रुंदीच बांधलेली असते. तिथे पान लहान केले की दोन्ही बाजूंची मोकळी जागा वाढते, पण तक्त्याखालची सरकपट्टी जागची हलत नाही. असे दिसल्यास हे दोन्ही उपाय सोडून द्यावेत.

पाठवण्यापूर्वी मी चित्रातील तीन ओळींची बेरीज ‘एकूण’ रकान्याशी ताडून पाहिली आणि व्हॉट्सॲपवर ते फोटो म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून पाठवले, कारण फोटो म्हणून गेलेले चित्र तिथे दाबले जाते.