तुम्ही विचारलंत म्हणून: आधी पैसे कुणाला?

«कंपनीला पैसे दोघंही देतात. मग डिबेंचरवाल्याला आधी आणि शेअरवाल्याला शेवटी, असं का?»

कारण डिबेंचर घेणारा कंपनीला कर्ज देतो आणि शेअर घेणारा तिचा भागीदार होतो. समजा, एका कंपनीने 9 टक्क्यांनी 100 कोटींची डिबेंचरं काढली आहेत. दरवर्षी 9 कोटी व्याज द्यायचं, मग धंदा कसाही चालो. एका वर्षी व्याजाआधीची कमाई 12 कोटी झाली, तर शेअरवाल्यांसाठी 3 कोटी उरतात, तेही कर भरण्याआधी. पुढच्या वर्षी कमाई 8 कोटींवर आली, तरी 9 कोटी द्यावेच लागतात. शेअरवाल्यांच्या वाट्याला काही येत नाही. पण कमाई 30 कोटी झाली, की डिबेंचरवाल्याला तेच 9 मिळतात आणि उरलेले 21 शेअरवाल्यांचे. त्यातूनही लाभांश किती वाटायचा, की वाटायचाच नाही, हे कंपनी ठरवते. व्याजाचं तसं नाही. ते चुकलं, तर कंपनी थकबाकीदार ठरते.

कंपनी दिवाळखोरीत विकायची वेळ आली, तर 2016 च्या कायद्याच्या कलम 53 मधला क्रम लागतो. आधी त्या प्रक्रियेचाच खर्च निघतो. मग कामगारांचा 24 महिन्यांपर्यंतचा पगार आणि तारण घेऊन कर्ज दिलेले देणेकरी, हे दोघं एका रांगेत. त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचा 12 महिन्यांपर्यंतचा पगार, मग बिनतारणी डिबेंचरवाले, त्यांच्यामागे सरकारी देणी. प्रेफरन्स शेअरवाले, म्हणजे ज्यांना लाभांश साध्या शेअरवाल्यांच्या आधी मिळतो ते, शेवटून दुसरे, साधे शेअरवाले अगदी शेवटी.

पण आधी मिळणं म्हणजे पूर्ण मिळणं नव्हे, आणि इथेच माणसं फसतात. घरांसाठी कर्ज देणाऱ्या डीएचएफएल कंपनीचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचं संचालक मंडळ बरखास्त केलं. सुमारे 87,000 कोटींचे दावे आले होते, आणि ती विकत घेणाऱ्या पिरामल समूहाच्या, 2021 मध्ये मंजूर झालेल्या योजनेत देणेकऱ्यांसाठी सुमारे 34,250 कोटीच होते. त्यातही मोठा भाग रोख नव्हता, दहा वर्षांच्या नव्या रोख्यांच्या रूपात होता. शेअरवाल्यांना काय मिळालं? शून्य. त्यांचे शेअर रद्दच झाले.

म्हणून माझ्या मते नुसता व्याजाचा दर बघून डिबेंचर घेणं ही मोठी चूक आहे. 9 ऐवजी 10 टक्के मिळतात तेव्हा तो एक टक्का बहुधा रांगेत मागे उभं राहण्याचा मोबदला असतो. माहितीपत्रकात ‘सिक्युअर्ड’ म्हणजे तारण असलेलं आहे, की ‘अनसिक्युअर्ड’ म्हणजे बिनतारणी, हे पाहा. ‘सबऑर्डिनेटेड’ असेल, तर बिनतारणी देणेकऱ्यांच्याही मागे. तारण असेल तर कशाचं आहे, ते रकमेच्या किती पट आहे आणि त्याच मालमत्तेवर आणखी कुणाचा बोजा आहे, हेही तिथेच लिहिलेलं असतं. तुम्ही आणलेल्या माहितीपत्रकात ते पान मी दुमडून ठेवलंय.