डाळिंब्या सोलता सोलता

आत्याकडे दुपारी डाळिंब्या सोलायला बसलो होतो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात, चिमटीत दाबला की दाणा बाहेर आणि साल बोटाला. आत्या म्हणाली, "पानशेतच्या वेळी आम्ही नारायण पेठेत..."

"हो हो, १२ जुलै १९६१! लकडी पूल पाण्याखाली गेला होता ना? बाबांनी सांगितलंय!"

"हो ना, तेच," आत्या म्हणाली, आणि पुन्हा वालांकडे वळली.

हे 'हो ना, तेच' मी जन्मभर ऐकत आलोय. मला वाटायचं, समोरच्याला आपलं पटलंय. तो दार लावल्याचा आवाज आहे, हे फार उशिरा कळलं. आणि मी काही आगाऊपणाने तोडत नाही हो. मला खरोखरच राहवत नाही. समोरच्याचं वाक्य मीच पूर्ण केलं की मला प्रेम केल्यासारखं वाटतं.

लहानपणी अमेरिकेतल्या काकाचा फोन यायचा. हे कॉल उपग्रहावरून यायचे, आवाज ३६ हजार किलोमीटर वर जाऊन खाली यायचा. पोचायला पाव सेकंद. एरवी एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला जेमतेम एक पंचमांश सेकंद लागतो, म्हणजे आपण उत्तराची जुळवाजुळव समोरचा बोलत असतानाच करत असतो. त्या पाव सेकंदाने आमचं सगळं बिघडायचं. काका थांबला असं वाटून मी सुरू, तोवर त्याचं पुढचं वाक्य येऊन आदळायचं. मग "तू बोल", "नाही, तू बोल", आणि मिनिटाचे पैसे चाललेले. शेवटी आजीने नियम केला: तो थांबला की एक आवंढा गिळायचा, मग बोलायचं.

त्या दुपारी तोच नियम वालांवर बसवला. आत्या थांबली की पाच डाळिंब्या सोलायच्या, मग तोंड उघडायचं. "मग पुढे, आत्या?" एवढंच विचारलं.

"पर्वतीकडे पळालो. तुझा बाबा तीन वर्षांचा, माझ्या कडेवर." ती थांबली. एक, दोन, तीन. जिभेवर 'अकरा वर्षांच्या मुलीला एवढं ओझं!' आलं होतं. चौथी डाळिंबी हातातून निसटून परातीत पडली.

"त्याचा एक बूट पडला वाटेत. सगळा रस्ता बुटासाठी रडला. पाण्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही." मग बऱ्याच वेळाने, "परत जाऊन आणते, असं त्याला म्हटलं होतं मी. थापच मारली."

म्हणजे मी ज्यांच्या भरवशावर तिला तोडत होतो, ते त्या दिवशी बूट शोधत होते.

परात रिकामी झाली, आत्या हात धुवायला उठली. पुढच्या वेळी वाल पावशेर जास्त भिजत घाल, असं तिला सांगून आलोय.