स्क्यू-सिमेट्रिक मॅट्रिक्स: शून्य निश्चयकाच्या दोन सिद्धता तपासताना

रेषीय बीजगणित शिकताना स्क्यू-सिमेट्रिक मॅट्रिक्सविषयी दोन विधाने माझ्यासमोर लागोपाठ आली. एक म्हणजे तिच्या आयगेनव्हॅल्यू शुद्ध काल्पनिक किंवा शून्य असतात आणि दुसरे म्हणजे तिचा आकार विषम असेल तर तिचा निश्चयक शून्यच असतो. दोन्हींच्या सिद्धता छोट्या आहेत. परंतु दुसरे विधान पहिल्यातूनच निघते की त्याचा स्वतंत्र आधार आहे, हे मला नीट समजून घ्यायचे होते. म्हणून मी एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत हाताने सोडवायचे ठरवले.

Aᵀ = −A या अटीमुळे कर्णावरील प्रत्येक घटक स्वतःच्याच ऋण संख्येइतका, म्हणजे शून्य, असावा लागतो. त्यामुळे 3×3 आकारात निवडायला फक्त तीन संख्या उरतात. मी पुढील मॅट्रिक्स घेतली:

```
A = [  0  -3   2 ]
    [  3   0  -1 ]
    [ -2   1   0 ]
```

पहिल्या ओळीने विस्तार केला की 3·(0 − 2) + 2·(3 − 0) = −6 + 6 = 0 असे येते. सर्वसाधारण सिद्धताही सोपी आहे. ट्रान्सपोजने निश्चयक बदलत नाही, आणि −A मध्ये n ओळींपैकी प्रत्येक ओळीतून −1 बाहेर काढता येतो; म्हणून det A = (−1)ⁿ det A. n विषम असेल तर det A = −det A, म्हणजेच 2·det A = 0.

ही सिद्धता निर्दोष आहे, पण निश्चयक शून्य म्हणजे A एखाद्या शून्येतर सदिशाला शून्यावर नेते, आणि तो सदिश कोणता हे तिच्यातून दिसत नाही. माझ्या उदाहरणात तो w = (1, 2, 3) आहे: पहिली ओळ −6 + 6, दुसरी 3 − 3, तिसरी −2 + 2. हा योगायोग नाही. A ने x ला गुणणे म्हणजे w आणि x यांचा सदिश गुणाकार करणे, आणि कोणत्याही सदिशाचा स्वतःशी सदिश गुणाकार शून्य असतो. 3×3 आकाराच्या प्रत्येक वास्तव स्क्यू-सिमेट्रिक मॅट्रिक्सला असा w मिळतो, ही गोष्ट मला निश्चयकाच्या गणितापेक्षा अधिक बोलकी वाटते.

आता आयगेनव्हॅल्यू. याच A साठी कॅरॅक्टरिस्टिक समीकरण λ³ + 14λ = 0 असे येते; यातील 14 म्हणजे 1² + 2² + 3². मुळे 0, i√14 आणि −i√14 ही आहेत. सर्वसाधारण कारण शोधताना x हा संमिश्र आयगेनव्हेक्टर घेऊन x*Ax ही संख्या पाहावी, जिथे x* हा x चा कॉन्ज्युगेट ट्रान्सपोज आहे. A वास्तव असल्यामुळे A* = Aᵀ = −A, म्हणून या संख्येचा कॉन्ज्युगेट तिच्या ऋण संख्येइतका होतो आणि तिचा वास्तव भाग नाहीसा होतो. शिवाय x*Ax = λ·x*x असून x*x धन आहे; त्यामुळे λ शुद्ध काल्पनिक किंवा शून्य असलीच पाहिजे.

येथून निश्चयकाची दुसरी सिद्धता मिळते. वास्तव मॅट्रिक्सच्या वास्तव नसलेल्या आयगेनव्हॅल्यू iμ आणि −iμ अशा जोडीनेच येतात. आकार विषम असेल तर एक तरी जोडीविना उरते, आणि ती शून्यच असावी लागते. ही सिद्धता मला फार आवडली, पण तिने A वास्तव असल्याचा दोनदा उपयोग केला आहे, तर पहिल्या सिद्धतेला त्याची गरजच नव्हती.

हा फरक खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी मी संमिश्र घटक घेतले. पहिली ओळ (0, i) आणि दुसरी (−i, 0) असलेली मॅट्रिक्स Aᵀ = −A ही अट पाळते, तरी तिच्या आयगेनव्हॅल्यू 1 आणि −1 आहेत. म्हणजे काल्पनिक असण्याचा गुण गेला; विषम आकारातील शून्य निश्चयक मात्र संमिश्र घटकांनाही तसाच लागू राहतो. उलट A* = −A अशी अट घेतली, तर आयगेनव्हॅल्यू शुद्ध काल्पनिक किंवा शून्यच राहतात, पण निश्चयकाची हमी संपते: 1×1 आकाराची [i] ही मॅट्रिक्स ती अट पाळते आणि तिचा निश्चयक i आहे. वास्तव मॅट्रिक्ससाठी या दोन्ही अटी एकच होतात, म्हणून तेथे दोन्ही विधाने एकत्र दिसतात.

पहिल्या सिद्धतेलाही एक मर्यादा आहे, ती शेवटच्या पायरीत. 2·det A = 0 वरून det A = 0 म्हणताना आपण 2 ने भागतो. ज्या फील्डमध्ये 1 + 1 = 0 असते, तेथे हे करता येत नाही; तेथे −1 आणि 1 एकच असल्यामुळे 1×1 आकाराची [1] हीसुद्धा Aᵀ = −A पाळते आणि तिचा निश्चयक 1 आहे. अशा फील्डमध्ये कर्णावरील घटक आपोआप शून्य होत नाहीत, आणि ते शून्य असावेत अशी वेगळी अट घातली की विषम आकाराचे विधान पुन्हा खरे ठरते.